सहा लाल खुणा, तीन चुका

मराठी माणूस इंग्रजीत चार ओळी लिहितो तेव्हा त्या दोघातिघांना दाखवतो. हिंदीत लिहितो तेव्हा कोणालाच दाखवत नाही. लिपी तीच, निम्मे शब्द तेच, सिनेमे लहानपणापासून पाहिलेले, मग त्यात तपासण्यासारखे काय आहे? आणि चुकून कोणी तपासायला बसलाच, तर वाक्य मोठ्याने वाचतो, कानाला बरे वाटले की "ठीक आहे" म्हणून परत देतो. माझे भांडण या दुसऱ्या माणसाशी आहे. न तपासणारा निदान आळशी असतो, पण कानाने तपासणारा चुकीवर शिक्का मारून देतो.

मी शाळेत तीसएक वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे हिंदीचे तासही घेतले. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या वह्यांचे गठ्ठे या हातांखालून गेले आहेत. त्या जोरावर सांगते, मराठी माणसाच्या हिंदीच्या बाबतीत कान हा सर्वांत वाईट परीक्षक. कारण तो कान मराठी असतो! मराठीच्या साच्यातले वाक्य त्याला गोडच लागणार.

एक वाक्य घेऊन बसू. माझ्या एका भाच्याचे आहे (नाव सांगत नाही, घरातल्यांनी ओळखले तरी गप्प बसावे). त्याच्या कचेरीतले एक निवृत्त साहेब जबलपूरचे, त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहून याला पाठवले. याला मनापासून आवडले आणि याने कळवायला वाक्य लिहिले:

मैं आपका पुस्तक कल ही पढ़ा, उसके नाम बहुत अच्छा है, पिताजी ने भी पढ़ना चाहिए।

माझ्याकडे येण्याआधी हे वाक्य दोन मित्रांच्या हातून गेले होते. दोघेही मराठीच. एकाने "पुस्तक हा मराठी शब्द झाला, किताब लिही" असा सल्ला दिला. दुसऱ्याने वाचून "एकदम मस्त" म्हटले. पहिल्याने बरोबर असलेला शब्दच बदलायला सांगितला, कारण पुस्तक हा हिंदीतही रोजचा शब्द आहे. दुसऱ्याला मस्त का वाटले ते कळायला वाक्य मराठीत परत नेऊन बघा. "मी आपले पुस्तक कालच वाचले, त्याचे नाव खूप छान आहे, वडिलांनी पण वाचले पाहिजे." एकाही शब्दाची जागा हलत नाही. मराठी माणसाची हिंदी तपासताना मी पहिल्यांदा हेच करते. वाक्य शब्दाला शब्द लावून मराठीत परत गेले तर ते लगेच चूक ठरत नाही, दोन्ही भाषांची ठेवण बरीचशी सारखीच आहे. पण अशा वाक्यावर कानाची साक्ष चालत नाही, एवढे पक्के होते. मग प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढायची आणि विचारायचे, बाबा रे, तू कोणाच्या मागे चालला आहेस?

पहिले क्रियापद "पढ़ा". आपण शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग घोकले. ते परीक्षेनंतर कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत, ते इथे पडतात. "मी पुस्तक वाचले" हा कर्मणी प्रयोग, क्रियापद पुस्तकाच्या मागे चालते. हिंदीतही ते पुस्तकाच्याच मागे चालते. फरक दोन ठिकाणी आहे. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, आणि हिंदीत अशा वेळी कर्त्याला "ने" लागतो, मग तो कर्ता "मैं" का असेना. म्हणून "मैंने आपकी पुस्तक कल ही पढ़ी".

हा "ने" मराठी मुलांकडून का गळतो, हे वह्या तपासताना स्वच्छ दिसते. एकच मुलगा एकाच पानावर "उसने देखा" बरोबर लिहितो आणि दोन ओळींखाली "मैं देखा" लिहितो. शेरा मिळतो, निष्काळजीपणा. अहो, निष्काळजी मुलगा दोन्हीकडे चुकला असता! हा तर फार काळजीने चुकला आहे. मराठीत त्याने, तिने, त्यांनी पाहिले, पण मी पाहिले, तू पाहिलेस, आम्ही पाहिले. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना आपण "ने" लावत नाही. मुलाने मराठीचा नियम नेमका पाळला, आणि आपण त्याला धांदरट ठरवले.

याच पोटातली आणखी एक गंमत आहे. काही क्रियापदांना मराठीत सकर्मक असूनही "ने" लागत नाही. मी हिंदी शिकलो, तो पाणी प्यायला. हिंदीत मात्र "मैंने हिंदी सीखी", "उसने पानी पिया". म्हणून "मैं हिंदी सीखा" दिसले की लिहिणारा कुठून आला ते कळते. उलट बाजूला "आणणे" आहे. आपण म्हणतो "त्याने भाजी आणली", म्हणून लिहितो "उसने सब्ज़ी लाई". लिंग बरोबर, "ने" आहे, कानाला शंभर टक्के पटते, आणि वाक्य चूक. हिंदीत "लाना" ला "ने" चालत नाही. "वह सब्ज़ी लाया." भाजी स्त्रीलिंगी असली तरी "लाया", कारण इथे क्रियापद आणणाऱ्याच्या मागे चालते. आत्ताच "ने" चा नियम शिकून आलेला विद्यार्थी इथे हमखास आपटतो, आणि त्याला आपटताना न पाहणारे शिक्षकही मी पाहिले आहेत.

आता दुसरा तुकडा, "उसके नाम बहुत अच्छा है". इथे चूक लिंगाची नाही. "अच्छा" बरोबर आहे, म्हणजे नाम पुल्लिंगी हे भाच्याला ठाऊक आहे. मग "उसके" कुठून आला? तो "त्याचे" मधून आला. मराठीत नपुंसकलिंगी एकवचनाला शेवटी ए येतो, माझे घर, त्याचे नाव, आपले गाव. हिंदीत शेवटचा ए एक तर पुल्लिंगी अनेकवचनाचा असतो, नाही तर पुढे शब्दयोगी आला की येतो. आपल्या हाताला ए ची सवय, डोळ्यालाही ए ओळखीचा, म्हणून "मेरे घर पुणे में है" लिहिले जाते. हिंदी माणसाला "मेरे घर" म्हणजे माझ्या घरी, आणि "उसके नाम" म्हणजे त्याच्या नावे. साहेबांनी क्षणभर विचार केला असता, कोणाच्या नावे काय केले याने? अर्थ कळतो हो शेवटी, पण अडखळून कळतो. माझ्या मते मराठी माणसाच्या हिंदीतली ही सर्वांत कमी पकडली जाणारी चूक आहे. "आपका पुस्तक" वर लाल खूण करणारे कितीतरी भेटतील, पण "उसके नाम" सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. वाक्यात मेरे, उसके, आपके, अपने दिसले की प्रत्येकाला थांबवून विचारावे, पुढे में, से, को, पर यांपैकी कोणी आहे का? पुढचे नाम अनेकवचनी किंवा आदरार्थी आहे का? की "माझ्या घरी" सारखा अर्थ आहे? तिन्हींचे उत्तर नाही आले, तर तो ए मराठी आहे.

तिसरा तुकडा "पिताजी ने भी पढ़ना चाहिए". महाराष्ट्रात राहून हा प्रकार ऐकला नाही असा माणूस नसेल. "उसने आना चाहिए", "आपने सोचना चाहिए". त्याने यावे, आपण विचार करावा, वडिलांनी वाचले पाहिजे, यातला "ने" आणि "नी" तसाच उचलून नेलेला. मराठीचा "ने" हरकाम्या आहे. तो कर्त्याला लागतो, साधनाला लागतो (चाकूने कापले), आणि कर्तव्य सांगतानाही लागतो. हिंदीतला "ने" एकच काम करतो, सकर्मक क्रिया पूर्ण झाली की तिच्या कर्त्याला लागतो. चाकूला "से", आणि "चाहिए" असेल तिथे "को". मी मुलांना फळ्यावर एवढेच लिहून देत असे, शेवटी "चाहिए" दिसले की मागे जाऊन "ने" पुसा. "पिताजी को भी पढ़नी चाहिए." पुन्हा "पढ़नी" का? तर ती पुस्तकाच्या मागे चालली आहे, पिताजींच्या नव्हे. (लखनऊकडच्या उर्दूत अशा ठिकाणी "पढ़ना" तसेच ठेवण्याची पद्धत आहे, म्हणून ही एक खूण मी लाल शाईने न करता पेन्सिलीने करते. शाळेतल्या हिंदीत मात्र "पढ़नी" च.)

तर पूर्ण वाक्य असे झाले: मैंने आपकी पुस्तक कल ही पढ़ी, उसका नाम बहुत अच्छा है, पिताजी को भी पढ़नी चाहिए।

आता खुणा मोजा. मैं, आपका, पढ़ा, उसके, ने, पढ़ना. सहा. पंधरासोळा शब्दांच्या वाक्यात सहा लाल खुणा म्हणजे लिहिणाऱ्याला हिंदी येतच नाही असे कोणीही म्हणेल. पण कारणे मोजा. पुस्तकाचे लिंग माहीत नाही, या एका गोष्टीने तीन खुणा दिल्या, आपका, पढ़ा आणि पढ़ना. मराठीचा "ने" हिंदीवर ठेवला, यातून दोन, एकीकडे हवा तिथे गळला आणि दुसरीकडे नको तिथे चिकटला. आणि मराठीच्या ए मुळे एक. चुका तीनच.

यावरून आमच्या शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याशी माझे वर्षानुवर्षे वाजत असे. त्यांचा नियम, जितक्या खुणा तितके गुण कापायचे. माझे म्हणणे, पुस्तक स्त्रीलिंगी आहे हे ज्याला माहीत नाही त्याला एकदाच शिक्षा करा, पुढे त्याने तिन्ही ठिकाणी पुल्लिंगच ठेवले असेल तर त्याला अन्वय कळतो याचे खरे तर अर्धा गुण बक्षीस द्या. "आपका पुस्तक पढ़ा" लिहिणारा एका शब्दाबद्दल अडाणी आहे. "आपका पुस्तक पढ़ी" लिहिणारा मात्र वाक्य जोडायलाच शिकलेला नाही, अंदाजाने ठोकतो आहे. त्यांच्या हिशेबात दुसऱ्याला एक खूण कमी, म्हणजे गुण जास्त! ते म्हणत, अशाने मुले बेफिकीर होतील. मी म्हणे, सहा खुणा पाहिलेला मुलगा पुढच्या वेळी लहान वाक्ये लिहितो, त्याहून पुढच्या वेळी गाइडातली लिहितो. बेफिकीर त्याला म्हणतात. यात आमचे शेवटपर्यंत जमले नाही, आणि मी आजही माझ्या बाजूला आहे.

राहता राहिला प्रश्न लिंगाचा. इथे शाळेत एक सोपा नियम सांगतात की मराठीत नपुंसकलिंगी ते हिंदीत पुल्लिंगी समजावे. घर, नाम, पानी, मन, पत्र, चित्र, शहर, गाँव, सगळे नियमात बसतात, म्हणून नियम खरा वाटतो. पण पुस्तक, दुकान, सरकार, नाक, छत ही मराठीतली नपुंसके हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. नई दुकान, दिल्ली की सरकार, ऊँची नाक. हे शब्द रोजचे आहेत, कोपऱ्यातले नाहीत. आणि संस्कृतचा हवाला देणाऱ्यांना तर हिंदी हात जोडून परत पाठवते. आत्मा, मृत्यु, विजय, अग्नि, ऋतु, हे आपल्याकडे पुल्लिंगी. आत्मा आणि अग्नी तर संस्कृतातही पुल्लिंगी. हिंदीत सगळे स्त्रीलिंगी. "उनकी मृत्यु हुई", "हमारी विजय हुई". याउलट आपली व्यक्ती स्त्रीलिंगी, हिंदीत "वह अच्छा व्यक्ति है". असे का, तर शेजारच्या शब्दाच्या संगतीने लिंग बदलते असे सांगितले जाते, पुस्तकाच्या शेजारी किताब बसली, आत्म्याच्या शेजारी रूह. ऐकायला छान आहे. मग चिट्ठीच्या शेजारी बसूनही पत्र पुल्लिंगीच कसे राहिले, याचे उत्तर त्यात नाही.

म्हणून नियम नको, कोश हवा. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या हिंदी शब्दसागरात प्रत्येक नामापुढे पुं. किंवा स्त्री. लिहिलेले असते, आणि तो आता संगणकावरही बघता येतो. अर्ध्या मिनिटाचे काम. शब्द पाठ करायचा तोही एकटा करू नये. "आवाज स्त्रीलिंगी" असे घोकलेले परीक्षा संपली की जाते, "ऊँची आवाज" टिकते. "ठंडी चाय" टिकते. विशेषण शेजारी बसवले की लिंग आपोआप लक्षात राहते.

कोशालाही मर्यादा आहे, हे सांगितलेले बरे. दही कोशात पुल्लिंगी, तरी दिल्लीकडे "खट्टी दही" म्हणणारे पुष्कळ आहेत. तिथे मराठी माणसाने "खट्टा दही" लिहावे आणि कोणी हसले तर हसू द्यावे.

आणखी एका जागी कोश हाताशी हवा. शब्द दोन्ही भाषांत आहे पण अर्थ वेगळा, असे शब्द. "आई की प्रकृति ठीक नहीं" असे भोपाळच्या विहिणीला लिहिले, तर तिला वाटेल सासूबाईंचा स्वभाव बिघडला. तब्येतीला हिंदीत तबीयत. "मास्टरजी ने लड़के को शिक्षा दी" वाचून हिंदी पालक आभाराचे पत्र पाठवील. यादी लांब आहे, पण ती पुन्हा कधीतरी. लिंगाची चूक निदान डोळ्यांना खुपते, ही चूक तर वाक्य साफ शुद्ध दिसत असताना घडते. म्हणून तिच्यासाठी वाक्य स्वतंत्रपणे एकदा वाचावे लागते.

भाचा आणि त्याचा मित्र यांचा युक्तिवाद असा की अर्थ कळला ना, मग पुरे. बाजारात हे मला मान्य आहे. मुंबईत "मेरे को दो किलो देने का" म्हणणाऱ्याला मी कधीही दुरुस्त करणार नाही. ती बोली आहे, तिचे स्वतःचे नियम आहेत, आणि भाजीवालाही तीच बोलतो. पण जबलपूरच्या साहेबांना पुस्तकाबद्दल लिहिताना भाच्याला ती बोली लिहायची नव्हती. त्याला शुद्ध हिंदी लिहायची होती, ती त्याने आपल्या परीने लिहिली, आणि आपण दोघे मित्र म्हणून त्याला "मस्त" म्हणालो तर ते प्रेम नव्हे. समोरचा मोठ्या मनाचा असेल, काही बोलणार नाही. मनात मात्र म्हणेल, शिकलेला दिसत नाही. मराठीत उत्तम लिहिणाऱ्या मुलाबद्दल कोणी असे म्हणावे, याचा मला राग येतो. (मराठीतला राग. हिंदीतला राग गाण्यातला.)

2025 साली आपल्याकडे पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून केवढा वाद झाला. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनअखेर मागे घेतला गेला. वादाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांशी घरीदारी बोलले, आणि दोघांकडून एक वाक्य सारखेच ऐकले, "हिंदी काय, ती तर आपल्याला येतेच." एकाच्या मते येतेच म्हणून शिकवायला नको, दुसऱ्याच्या मते येतेच म्हणून शिकवायला सोपी. कितवीपासून शिकवावी यावर मला आज बोलायचे नाही. पण "येतेच" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य लिहून देईन आणि पेन्सिल पुढे करीन.

तेच वाक्य तुम्हालाही देते. भाचा, भाची, सुना, जावई, आणि इथे नेहमी डोकावणारी मंडळी, सर्वांनी बघावे:

चाचाजी ने नए दुकान से बर्फ लाया, उन्होंने हमें पहले बताना चाहिए था।

चार जागी हात लावावा लागेल. बर्फ हिंदीत स्त्रीलिंगी आहे, हे मीच सांगून टाकते. ते इथे कामाला येते की नाही, हे तुम्ही ठरवा.